जुन्या सहकाऱ्याला पाच-सात वर्षांनी मेसेज करताना: सुरुवात कशी करायची, काय मागायचं

'हाय, ओळखलंस का? कुठे असतोस हल्ली?' असा मेसेज सहा वर्षांनी कुणाच्या फोनवर येऊन पडला, की वाचणाऱ्याला आधी जुने दिवस आठवत नाहीत. याचं खातं हॅक तर झालं नाही ना, आता पैसे मागणार का, विमा विकायचाय का, का एखाद्या हॉटेलातल्या 'बिझनेस मीटिंग'ला बोलावणार, असे प्रश्न आधी येतात. यात त्याचा काही दोष नाही. ओळखीच्या नावाने फसवणारे लोक नेमकी हीच वाक्यं वापरतात, कारण ती कुणीही कुणालाही पाठवू शकतो.

त्यामुळे बऱ्याच वर्षांनी केलेल्या पहिल्या मेसेजचं काम ठरलेलं असतं. हे खरोखर तुम्हीच आहात हे त्यातून पटायला हवं, आज अचानक आठवण का झाली ते कळायला हवं, आणि या सगळ्यात आपला किती वेळ जाणार आहे याचा अंदाज समोरच्याला लगेच यायला हवा. या तीन गोष्टी मेसेजमध्ये असल्या की उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते. एखादी गोष्ट राहिली तर चांगला ओळखीचा माणूसही 'संध्याकाळी बघू' म्हणून मेसेज बाजूला ठेवतो आणि तो तिथेच राहतो.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे. समजा, तुम्ही चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहात. कारखाना गाड्यांचे मशीन केलेले पार्ट बनवतो. २०१९ पर्यंत संदीप तुमच्या शेजारच्या टेबलावर होता (नाव उदाहरणापुरतं), मग तो वाळूजला दुसऱ्या कंपनीत गेला. सुरुवातीला दोन-चार वेळा बोलणं झालं, नंतर दिवाळीचे फॉरवर्ड, नंतर तेही बंद. आता तुमच्या एका ग्राहकाने सांगितलंय, की पुढच्या ऑडिटपर्यंत सगळे एफएमईए नव्या पद्धतीने हवेत.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एफएमईए म्हणजे कुठल्या ऑपरेशनला काय बिघडू शकतं, त्याचा परिणाम काय आणि ते आपल्या पकडीत येईल का, याचा तक्ता. जुन्या पद्धतीत गंभीरता, घडण्याची शक्यता आणि पकड या तिन्हींना १ ते १० गुण देऊन गुणाकार करत. त्याला आरपीएन म्हणतात, तो १००० पर्यंत जाऊ शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेतली एआयएजी आणि जर्मनीतली व्हीडीए या संस्थांनी मिळून जे हँडबुक काढलं त्यात हा गुणाकार गेला आणि त्याजागी 'ॲक्शन प्रायोरिटी' आली: हाय, मीडियम किंवा लो. पद्धत पुस्तकात आहे. पण तुमच्याकडचे ऐंशी जुने तक्ते एकदम बदलायचे की टप्प्याटप्प्याने, आणि त्यात वेळ नेमका कुठे खर्च होतो, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. संदीपच्या लिंक्डइनवर दिसतं, की त्याने हे काम केलंय.

आधी माणूस नीट निवडा

मनात चार-पाच नावं येतील. त्यातलं एकच घ्या, आणि ते घेताना तुमचा प्रश्न कुणाच्या रोजच्या कामाचा आहे हे बघा. सर्वात मोठ्या पदावर गेलेल्या माणसाकडे जाण्याचा मोह होतो. पण जो प्लांट हेड झालाय त्याला एफएमईएचे तपशील आता आठवत नसतात. तो तुमचा प्रश्न खालच्या कुणाला तरी पाठवतो आणि तुमचं बोलणं एका अनोळखी माणसाशी सुरू होतं. ज्याच्या हातून ते काम झालंय तोच बरा.

दुसरं, तुम्ही दोघांनी मिळून काहीतरी केलेलं असावं. फक्त एकाच बसने यायचात, एवढ्यावरही मेसेज करता येतो, पण मग मागणं आणखी लहान ठेवावं लागतं. आणि ज्याच्याशी वाजलं होतं, ज्याच्या अप्रेझलवर तुमच्या शब्दाचा परिणाम झाला होता, त्याला कामाच्या निमित्ताने पहिला मेसेज करू नका. ते प्रकरण आधी मिटवायचं असेल तर तो वेगळा मेसेज, आणि त्यात काहीच मागायचं नसतं.

इतक्या वर्षांनी विचारणं बरं दिसेल का, ही शंका जवळजवळ सगळ्यांना येते. डॅनियल लेव्हिन, होर्हे वॉल्टर आणि कीथ मर्निघन या संशोधकांनी २०११ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अधिकारी मंडळींना किमान तीन वर्षं संपर्क नसलेल्या जुन्या ओळखीच्या माणसांकडून चालू कामाबद्दल सल्ला घ्यायला सांगितलं. तो सल्ला रोजच्या संपर्कातल्या लोकांच्या सल्ल्याइतकाच, काही बाबतींत त्याहून जास्त उपयोगी निघाला. कारणही समजण्यासारखं आहे. दूर गेलेला माणूस मधल्या काळात वेगळी माणसं, वेगळे ग्राहक, वेगळी यंत्रं बघून आलेला असतो आणि जुना विश्वास मात्र बराचसा तसाच असतो. तुमच्या आजच्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी तेच बघितलंय जे तुम्ही बघितलंय.

नंबर तोच आहे का, हे आधी तपासा

ही पायरी लोक गाळतात. भारतात बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे २०१९ मध्ये सेव्ह केलेला संदीपचा नंबर आज परभणीच्या एखाद्या काकांकडे असू शकतो. व्हॉट्सॲपवर फोटो दिसला नाही, किंवा फोटोत देवाची तसबीर आहे, तर त्यावरून काही ठरत नाही.

सोपा उपाय म्हणजे तुमच्या दोघांच्या ओळखीच्या तिसऱ्या माणसाला विचारायचं: 'संदीपचा ९८ ने सुरू होणारा नंबर अजून चालू आहे ना?' यात आणखी एक फायदा आहे. त्याच्या घरी अलीकडे काही वाईट घडलं असेल, त्याची नोकरी गेली असेल, तो आजारी असेल, तर ते इथेच कळतं. अशा वेळी एफएमईएचा मेसेज जात नाही. दोन ओळींची विचारपूस जाते आणि प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला जातो.

असा तिसरा माणूस नसेल तर लिंक्डइन वापरा. तुम्ही तिथे आधीपासून जोडलेले असाल तर थेट मेसेज जातो. नसाल तर विनंतीसोबत छोटी नोट जोडता येते, पण मोफत खात्याला तिथे जेमतेम दोनशे अक्षरं मिळतात आणि अशा नोट महिन्याला मोजक्याच पाठवता येतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जातात, त्यामुळे मजकूर वाटतो त्यापेक्षा लवकर संपतो. त्या नोटमध्ये फक्त ओळख द्या, मागणं विनंती स्वीकारल्यानंतर. आणि त्याच्या पानावर शेवटची हालचाल दोन वर्षांपूर्वीची दिसत असेल, तर तिथे मेसेज टाकून वाट बघण्यात अर्थ नाही.

जुन्या कंपनीचा ईमेल तर बंद झालेलाच असतो. नव्या कंपनीच्या ईमेलवर पहिला मेसेज टाळावा. तो पत्ता कंपनीचा आहे आणि तिथे आलेलं पत्र त्याला कामाच्या चष्म्यातून वाचावं लागतं. न सांगता थेट फोन करणं हे फक्त तुमच्याहून बरीच वडील आणि टाइप करायला कंटाळणारी मंडळी असतील तरच. बाकीच्यांना अचानक आलेला फोन म्हणजे काहीतरी अडचण असंच वाटतं.

तू का तुम्ही?

मराठीत हा प्रश्न टाळता येत नाही आणि पहिल्याच ओळीत त्याचा निकाल लागतो. नियम असा ठेवा, की शेवटचं बोललात तेव्हा जे होतं तेच आजही. संदीपशी अरे-तुरे होतं तर 'संदीप, तू'च लिहा, तो आता मॅनेजर असला तरी. ज्याच्याशी एका डब्यातून जेवलात त्याला 'नमस्कार संदीपजी, आपण कसे आहात' असं लिहिलंत, की त्याला लगेच कळतं, याला काहीतरी मोठं मागायचंय.

उलट बाजूही तितकीच खरी. ज्यांना 'सर' म्हणत होतात त्यांना सरच म्हणा, तुम्ही आता त्यांच्याइतक्याच पदावर असलात तरी. ज्या बाईंना सगळे 'ताई' म्हणत त्यांना ताईच. आणि खरंच आठवत नसेल तर तुम्ही वापरा. 'अरे, तुम्ही काय लावलंयस' असं तिकडून आलं की खाली उतरता येतं. तू वरून तुम्हीवर चढणं मात्र अवघड जातं.

भाषेचंही तेच. कॅन्टीनमध्ये मराठीत बोलत होतात तर मेसेज मराठीत. रोमन लिपीत टाइप करायची सवय होती तर तेही चालेल. ऑफिसच्या इंग्रजीत लिहिलेला पहिला मेसेज हा सर्क्युलरसारखा वाटतो.

सुरुवात: एक खरी, बारीक आठवण

आता मुख्य भाग. सुरुवातीच्या ओळीत अशी एक गोष्ट घाला, जी फक्त तुम्हा दोघांना किंवा त्या टीमलाच माहीत असेल. तीच तुमची ओळखीची खूण. फसवणाऱ्याला नाव कळू शकतं, कंपनी कळू शकते, फोटो मिळू शकतो. पण २०१८ च्या ऑडिटच्या आदल्या रात्री तुम्ही दोघं कुठल्या गेजचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट शोधत होतात, हे त्याला कळणार नाही.

आठवण निवडताना तीन गोष्टी बघा. ती समोरच्याला चांगल्या उजेडात दाखवणारी असावी. 'तो लॉट रिजेक्ट झाला होता, आठवतंय ना, तुझ्यामुळे' हे चहाच्या टपरीवर हसण्यावारी जातं, लेखी मेसेजमध्ये बोचतं. ती बारीक असावी: 'काय मस्त दिवस होते' यात काहीच नाही, 'बोअर गेजचं ते हरवलेलं सर्टिफिकेट तू स्टोअरच्या फाइलमध्ये शोधून काढलंस' यात सगळं आहे. आणि ती खरी असावी. अर्धवट आठवत असेल तर तेवढंच लिहा. चुकीचं वर्ष किंवा दुसऱ्याचा किस्सा त्याच्या नावावर घातलात, तर ओळख पटण्याऐवजी शंकाच वाढते.

ती आठवण आजच्या कामाशी जोडता आली, तर 'आजच का' याचं उत्तर वेगळं द्यावंच लागत नाही. 'आज आपला जुना एफएमईए उघडला, त्यात अजून तुझ्या हातच्या नोंदी आहेत' या एका वाक्यात ओळख आहे, आठवण आहे आणि कारणही आहे. असं जोडणं जमत नसेल तर कारण सरळ सांगा. 'लिंक्डइनवर तुझं अमुक काम वाचलं' हेही पुरेसं आहे. मुद्दाम कारण तयार करू नका. सणाच्या शुभेच्छांच्या शेपटीला कामाचा प्रश्न बांधणं हा त्यातला नेहमीचा प्रकार. दिवाळीच्या दिवशी त्याच्या फोनवर दोनशे मेसेज असतात, त्यात तुमचा बुडतो. आणि जो वाचेल त्याला वाटतं, की शुभेच्छा हे नुसतं निमित्त होतं.

मधल्या वर्षांबद्दल अर्धं वाक्य पुरे. 'बरीच वर्षं बोलणं नाही' म्हटलं की झालं. लांबलचक माफी मागितलीत तर समोरच्याला 'अरे, नाही रे, मीही कुठे केला फोन' असं समजावत बसावं लागतं. तो तुमचं उत्तर देण्याऐवजी तुमची समजूत काढायला लागतो.

मागणं किती लहान म्हणजे लहान?

कसोटी अशी: बसमध्ये उभा असलेला माणूस, एका हातात फोन, लॅपटॉप न उघडता, कुणाची परवानगी न घेता, दोन मिनिटांत उत्तर देऊ शकेल का? हो असेल तर मागणं योग्य आकाराचं आहे.

सर्वात सोपा प्रश्न म्हणजे ज्यात दोन पर्याय तुम्हीच दिलेले असतात. 'नवी पद्धत कशी आणली?' याचं उत्तर द्यायला निबंध लिहावा लागेल. 'जुने तक्ते सगळे एकदम बदलले, की फक्त नव्या पार्टपासून सुरुवात केली?' याला 'नव्या पार्टपासून' एवढं म्हटलं तरी चालतं. गंमत म्हणजे, ज्याला सांगायचं असतं तो अशा प्रश्नालाच जास्त सांगतो, कारण सुरुवात सोपी असते. शिवाय पर्याय लिहिले म्हणजे तुम्ही स्वतः विचार करून आलात हेही दिसतं.

काही मागणी दिसायला लहान पण असायला मोठी असतात. 'जरा बोलायचं होतं, कधी वेळ आहे?' हे त्यातलं पहिलं. विषय माहीत नाही, किती वेळ लागेल माहीत नाही, म्हणून वाचणारा सर्वात वाईट शक्यता धरतो. 'थोडं मार्गदर्शन हवं होतं' याला कडाच नाहीत. कुठे सुरू करायचं आणि कुठे संपवायचं हे त्यालाच ठरवावं लागतं. 'तुमचा एफएमईएचा फॉरमॅट पाठव ना' हे तर त्याला अडचणीत टाकणारं आहे. त्या फाइलमध्ये त्याच्या ग्राहकाची माहिती असते, आणि बाहेर पाठवणं त्याच्या नोकरीच्या अटींत बसत नसतं. नाही म्हणणं त्याला जड जातं, म्हणून तो उत्तरच देत नाही. पद्धतीबद्दल विचारा, कागद मागू नका.

एका मेसेजमध्ये दोन प्रश्नही नकोत. दोन असले की सोप्याचं उत्तर येतं आणि तुम्हाला हवं असलेलं राहून जातं, किंवा 'दोन्ही नीट बसून लिहीन' म्हणून काहीच येत नाही.

मागण्याबरोबर सुटकेची वाट ठेवा, पण तीही एका वाक्यात. 'आता या कामात नसशील तर तसं सांग, चालेल' हे चांगलं, कारण त्याला नाही म्हणायला एक सन्मानाचं कारण मिळतं. 'वेळ नसेल तर राहू दे, काही हरकत नाही, उगीच त्रास नको' असं तीनदा लिहिलं की तो खरंच राहू देतो.

पूर्ण मेसेज

आधी लोक साधारण काय लिहितात ते बघा:

> हाय संदीप, कसा आहेस? ओळखलंस का? खूप वर्षं झाली, सॉरी, कामाच्या गडबडीत राहूनच गेलं. वहिनी, मुलं कशी आहेत? तू तर आता खूप मोठा माणूस झालास! एक छोटं काम होतं, वेळ असेल तेव्हा फोन कर ना.

यात विनय आहे, आपुलकी आहे, आणि तरी हे कुणीही कुणालाही पाठवू शकेल. ओळख पटवणारी एकही गोष्ट नाही. वहिनी आणि मुलांची चौकशी सहा वर्षांनी जपून करावी. मधल्या काळात काय घडलंय ते आपल्याला माहीत नसतं. 'मोठा माणूस' हे कौतुक म्हणून लिहिलेलं असलं तरी दोघांत अंतर पाडतं. आणि शेवटी विषय न सांगता फोन करायचं काम त्याच्यावरच टाकलंय.

हाच मेसेज असा होतो:

> संदीप, मी क्वालिटीतला मिलिंद, चाकणचा. बरीच वर्षं बोलणं नाही. आज आपला हाउसिंगचा जुना एफएमईए उघडला, त्यात बोअर गेजबद्दलची तुझी नोंद अजून तशीच आहे. ऑडिटच्या आदल्या रात्री ते सर्टिफिकेट तूच शोधून काढलं होतंस. आता ग्राहकाने आरपीएनऐवजी नवी पद्धत मागितली आहे. तुम्ही तिकडे हे केलंय असं लिंक्डइनवर वाचलं. एकच विचारायचं होतं: जुने तक्ते सगळे एकदम बदललेत, की नव्या पार्टपासून सुरुवात केली? एका ओळीत सांगितलंस तरी पुरे. आता या कामात नसशील तर तसं सांग, चालेल.

साधारण सत्तर शब्द आहेत. फोनच्या स्क्रीनवर न सरकवता किंवा एकदाच सरकवून वाचून होतो. नाव, विभाग आणि गाव पहिल्याच वाक्यात आहेत, कारण नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचे काही शब्दच दिसतात आणि उघडायचं की नाही हे तिथेच ठरतं. त्याच्याकडेही तुमचा नंबर सेव्ह नसू शकतो, हे विसरू नका. 'तुम्ही तिकडे' मध्ये तुम्ही हे त्याच्या टीमसाठी आहे, त्याला मात्र तूच. लिंक, फाइल, फोटो काही जोडलेलं नाही. अनोळखी वाटणाऱ्या नंबरवरून लिंक आली की माणूस आधी ब्लॉक करतो. 'अर्जंट' हा शब्दही याच कारणासाठी नको.

आणि हे सगळं एकाच मेसेजमध्ये. 'हाय' एकटं पाठवून उत्तराची वाट बघणं टाळा. त्या एका शब्दाला उत्तर दिलं की मागे काय येणार हे त्याला माहीत नसतं, म्हणून तो उत्तरच देत नाही.

वेळेचा विचार थोडा करा. कारखान्यात महिनाअखेरीचे तीन-चार दिवस डिस्पॅचचे असतात, अकाउंट्सवाल्यांना मार्च आणि एप्रिल नको. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं धरू नका. पुण्याकडच्या अनेक कारखान्यांना ती गुरुवारी असते. माणूस परदेशात असेल तर तिथलं घड्याळ बघा. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. चहाच्या सुट्टीच्या आसपासची किंवा संध्याकाळी घरी जातानाची वेळ चांगली.

लिहून झालं आणि तरी बोट पाठवायच्या बटणाशी थांबलं, तर एक उपाय खरोखर चालतो. लारा ॲकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांच्या २०२४ मधल्या अभ्यासात असं दिसलं, की जुन्या मित्राला लिहायची इच्छा, पत्ता आणि वेळ असूनही जेमतेम एक तृतीयांश लोकांनीच मेसेज पाठवला. पण ज्यांनी आधी तीन मिनिटं सध्याच्या मित्रांना मेसेज पाठवण्यात घालवली, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी पाठवला. तेव्हा आधी रोजच्या दोन-तीन जणांना काहीतरी लिहा आणि त्याच ओघात हा पाठवा.

उत्तर आलं, किंवा नाही आलं

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवस थांबा. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणून काही सिद्ध होत नाही, आणि दिसल्या नाहीत म्हणूनही नाही. अनेकांनी त्या बंद केलेल्या असतात. मग एकदाच, छोटी आठवण: 'संदीप, तो एफएमईएचा प्रश्न विचारला होता, जमलं तर सांग. नाहीतर आम्ही नव्या पार्टपासून सुरू करतोय.' दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. तुमचं काम त्याच्यावाचून अडलेलं नाही हे त्याला कळतं, आणि तुमचा निर्णय चुकीचा वाटला तर तो नेमका तिथेच बोलतो. यानंतरही काही आलं नाही तर थांबा. तिसरा मेसेज करू नका, आणि सामायिक मित्रामार्फत 'त्याला सांग ना बघायला' असा निरोपही नको.

'कोण मिलिंद?' असं आलं तर वाईट वाटून घेऊ नका. आणखी एक खूण द्या आणि प्रश्न पुन्हा लिहू नका, तो वर आहेच. तो थेट फोनच करील अशीही शक्यता आहे. तेव्हा आधी त्याला बोलू द्या, तुमचा प्रश्न आपोआप येतो. आला नाही तर फोन ठेवायच्या आधी तोच एक प्रश्न विचारा, नवे चार नाही.

समजा उत्तर आलं: 'अरे मिल्या! एकदम नको बदलू. ज्या पार्टच्या कम्प्लेंट आल्यात ते आधी घे. गुणांचे निकषच बदललेत, त्यामुळे जुने आकडे उचलून नव्यात टाकलेस तर घोळ होतो.' त्याच दिवशी आभार माना, आणि त्यात त्याच्या उत्तरातला नेमका कुठला भाग उपयोगी पडला ते लिहा: 'निकषांचं लक्षातच आलं नव्हतं. तीन कम्प्लेंटवाले पार्ट आधी घेतो.' आभाराच्या मेसेजमध्ये पुढचा प्रश्न घुसवू नका. त्याने मनापासून मदत केली आणि लगेच दुसरी चिठ्ठी आली, तर त्याला आपण काउंटरवर बसल्यासारखं वाटतं.

यानंतरची पायरी सर्वात जास्त वेळा राहते: दोन-तीन आठवड्यांनी काय झालं ते कळवणं. 'तीन पार्टचे तक्ते झाले. दोन ठिकाणी आरपीएन कमी होता म्हणून आम्ही सोडून दिलं होतं, तिथे आता हाय आलं. तू सांगितलं नसतंस तर शेवटी घेतले असते.' एवढंच. बहुतेक सल्ला देणाऱ्यांना त्याचं पुढे काय झालं हे कधी कळत नाही, म्हणून हा मेसेज ओळख पुन्हा सुरू करतो. पहिल्या मेसेजने फक्त दार उघडलेलं असतं.

खरं तर नोकरी हवी असेल तर

बरेच जण इथे गफलत करतात. मनात रेफरल असतो आणि प्रश्न एफएमईएचा विचारतात. चौथ्या मेसेजमध्ये रेझ्युमे बाहेर येतो आणि समोरच्याला पहिले तीन मेसेजही खोटे वाटायला लागतात. छोटं मागणं हे मोठ्याकडे नेणारं गळाचं आमिष असू नये.

नोकरी शोधत असाल तर पहिल्याच मेसेजमध्ये तसं सांगा, फक्त मागणं लहान ठेवा. रेफर करणं म्हणजे त्याने स्वतःचं नाव पणाला लावणं. सहा वर्षांत त्याने तुमचं काम पाहिलेलं नाही, आणि अनेक ठिकाणी रेफरल देताना 'यांना कसं आणि किती ओळखता' हेही लिहावं लागतं. त्याऐवजी असं विचारा: 'मी सध्या बदल बघतोय. तुमच्या प्लांटला क्वालिटीत दहा वर्षांच्या अनुभवाची जागा साधारण निघते का, की तुम्ही फ्रेशरच घेता?' याचं उत्तर त्याच्या डोक्यात असतं आणि त्याने काही वचन दिलेलं नसतं. त्याला वाटलं तर 'सीव्ही पाठव' हे तोच म्हणेल. म्हटलं, तर त्याच दिवशी पाठवा, एका पीडीएफमध्ये, फाइलला तुमचं नाव देऊन, आणि सोबत तीन ओळी अशा लिहा ज्या तो तशाच एचआरला पुढे पाठवू शकेल. 'नाही रे, इथे सध्या भरती बंद आहे' म्हणाला, तर तेही पक्कं उत्तर आहे. आभार माना आणि पगार, वरिष्ठांचा स्वभाव, कंपनीची आतली स्थिती असले प्रश्न सुरू करू नका.

पुढच्या सहा महिन्यांत तोही तुम्हाला काहीतरी विचारील. त्याला तुमच्याकडच्या एखाद्या गेज पुरवठादाराचं नाव हवं असेल, किंवा भाचा चाकणला येणार असेल आणि खोली बघायची असेल. त्याच दिवशी उत्तर द्या, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून. आणि संदीपचा नंबर आता नीट सेव्ह करून ठेवा: नाव, जुनी कंपनी, नवी कंपनी, गाव. पुढच्या वेळी फोन बदलल्यावर यादीत चार संदीप निघतात आणि त्यातला क्वालिटीतला कोणता, तेच आठवत नाही.